निबंधासाठी वाचताना नोट्स: रंगीत पेनं, दोन रकाने, कार्डं की अक्षरी खुणा?

परीक्षेच्या निबंधाबद्दल हे नाहीये, चार-पाच पुस्तकं लेख वाचून घरी बसून जो मोठा निबंध किंवा प्रोजेक्ट लिहायचा असतो त्याबद्दल आहे. प्रश्न एकच, वाचताना आपण जे उतरवून घेतो त्यातलं लेखकाचं जसंच्या तसं वाक्य कुठलं, लेखकाचं म्हणणं पण आपल्या शब्दात कुठलं, आणि आपल्याच डोक्यातलं कुठलं, हे महिन्याभराने वही उघडल्यावर कळलं पाहिजे. माझी भाची ऐरोलीला असते, एमए करतेय, तिने विचारलं की मामा मी वही घेऊ, कार्डं घेऊ का सरळ लॅपटॉपवरच करू, तर तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट, कारण निवड त्यावरच ठरते. या तीन प्रकारांत गोंधळ सगळीकडे सारखा होत नाही. अवतरण आणि आपली टिप्पणी यांची गल्लत फारशी होत नाही, दोघांचा आवाजच वेगळा असतो, "हे पटत नाही, आकडे कुठेत?" असं लेखक स्वतःबद्दल लिहिणार नाही. खरी गल्लत होते ती अवतरण आणि सारांश यांच्यात, आणि त्याखालोखाल सारांश आणि आपला विचार यांच्यात. म्हणजे मधला सारांशच दोन्ही बाजूंना घसरतो. त्यामुळे कुठलीही पद्धत बघताना मी एवढंच बघतो की ती सारांशाला दोन्हीकडून कुंपण घालते का, आणि ते कुंपण नोट्स एका जागेवरून दुसऱ्या जागी गेल्यावर टिकतं का.

उदाहरण घेऊ. विषय समजा नवी मुंबई वसताना तिथल्या गावठाणांचं काय झालं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ची, ठाणे, पनवेल, उरण या भागातल्या ९५ गावांची जमीन त्यात गेली, १९८४ ला जासईचं शेतकरी आंदोलन, मग गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची साडेबारा टक्के योजना, वाचायला भरपूर आहे. आता पुस्तकाच्या पान ४२ वर असं वाक्य आहे असं धरा (वाक्य मीच बनवलंय, नमुना म्हणून): "नव्या शहराची आखणी करणाऱ्यांनी आधी जमीन पाहिली; त्या जमिनीवरची गावं त्यांच्या नकाशात नुसते ठिपके होऊन राहिली."

घाईत लोक याचा सारांश असा लिहितात: नवं शहर आखणाऱ्यांनी आधी जमीन बघितली आणि तिथली गावं नकाशात फक्त ठिपके बनून राहिली. हा सारांश नाहीच, हे अवतरणच आहे, चार शब्द बदललेले आणि अवतरणचिन्ह गळालेलं. आणि हे धोकादायक यासाठी की तीन आठवड्यांनी वाचताना ते आपल्यालाच सुचलेलं वाटतं, ठिपक्यांची कल्पना आवडते, आणि ती तशीच निबंधात जाते, तळटीप न देता. इंग्रजीत याला पॅचरायटिंग म्हणतात, लेखन शिकवणाऱ्या अमेरिकन प्राध्यापक रेबेका मूर हॉवर्ड यांनी १९९३ मध्ये हा शब्द रूढ केला, आणि त्यांचं म्हणणं असं की हे बहुतेक वेळा चोरीच्या इराद्याने होत नाही, मजकूर अजून पुरता पचलेला नसतो म्हणून होतं. मला ते पटतं. म्हणून सारांशाचा नियम सगळ्या पद्धतींत एकच, पुस्तक मिटायचं आणि मग लिहायचं. मिटून लिहिलं की होतं असं: आखणी जमिनीचा हिशोब धरून झाली, तिथे आधीपासून माणसं राहतात हे जमेत धरलं नाही असं लेखकाचं मत, ४२. ठिपके गेले, नकाशा गेला, मुद्दा राहिला, आणि "असं लेखकाचं मत" आल्यामुळे तो माझा विचार नाही हेही कळलं. ठिपकेच हवे असतील तर पूर्ण वाक्य अवतरणात घ्यावं.

आता पद्धती.

रंगीत पेनं. सगळ्यात लोकप्रिय, निळ्याने अवतरण, हिरव्याने सारांश, लालने आपलं. वहीवर दिसायला फार छान आणि पहिल्या दिवशी खरंच काम करतं. पण रंग प्रवासात मरतो. वहीची ब्लॅक अँड व्हाईट झेरॉक्स काढलीत की तिन्ही पेनं जवळजवळ एकाच करड्या रंगाची होतात, पिवळं हायलाइट तर बरेचदा दिसतच नाही. लॅपटॉपवर रंग दिले असतील तर फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट केलं (Ctrl+Shift+V) की सगळं काळं, आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवलं तरी तेच. त्यात ट्रेनमध्ये तीन पेनं कोण सांभाळणार, ठाण्याहून पनवेल लोकलला घणसोलीपर्यंत उभ्याने वाचणारा माणूस हातात आहे त्याच पेनाने लिहितो, आणि तिथून पद्धत तुटते ती तुटतेच. रंग जोडीला ठेवा, एकट्या रंगावर विसंबू नका.

दोन रकाने. पानावर उभी रेघ, डावीकडे पुस्तकातलं, उजवीकडे आपलं. किंवा लाँगबुकचं डावं पान पुस्तकाचं आणि उजवं आपलं, ते मला जास्त आवडतं कारण जागा मिळते. या पद्धतीचा फायदा असा की उजवं पान कोरं राहिलं की ते टोचतं, आपण नुसतं उतरवतोय, विचार करत नाहीये हे लगेच दिसतं. हा फायदा बाकी कुठल्याच पद्धतीत इतका थेट नाही. पण बघा, अवतरण आणि सारांश दोन्ही डावीकडेच आले, म्हणजे जिथे गल्लत सगळ्यात जास्त तिथेच रेघ नाही. कोणी म्हणेल अवतरणचिन्हं आहेत ना. आहेत, पण हाताने लिहिताना सुरुवातीचं चिन्ह पडतं आणि शेवटचं विसरतं, मग अवतरण कुठे संपलं आणि सारांश कुठे चालू झाला ते पुस्तक उघडल्याशिवाय कळत नाही. उपाय सोपा आहे, डावीकडे अवतरणाच्या प्रत्येक ओळीला समासात उभी दांडी मारत जायची, ओळ संपली की दांडी संपली. दांडी असेल तर शब्द लेखकाचे, नसेल तर माझे. पेन्सिलने पण चालतं आणि झेरॉक्समध्ये पण येतं.

कार्डं. तीन बाय पाच इंचाची, एका कार्डावर एकच गोष्ट. लिहायला बसताना कार्डं जमिनीवर पसरून क्रम लावता येतो, हे सुख वहीत नाही, आणि दहा-बारा पुस्तकांचा मोठा प्रोजेक्ट असेल तर मी आजही कार्डंच सुचवेन. पण कार्डाची एक अट आहे, प्रत्येक कार्डावर पुस्तकाची खूण आणि पान हवंच, कारण कार्ड एकटं फिरतं, वहीतल्यासारखं "वर बघ" असं तिथे नसतं. आणि आपली टिप्पणी कार्डाच्या मागे लिहू नका, पुष्कळ जण तसं करतात, पण फोटो पुढच्याच बाजूचा काढला जातो आणि मागचं राहून जातं. टिप्पणीला वेगळं कार्ड द्या आणि त्यावर लिहा की ही कुठल्या कार्डावरची आहे. वेळ जातो, हे खरंय. एका निबंधाला तीनच लेख असतील तर एवढा खटाटोप करू नये.

अक्षरी खुणा. ओळीच्या सुरुवातीला एक छोटी खूण, कागदावर किंवा फोनवर कुठेही. उतारा म्हणजे अवतरण, सारांश आणि आपला विचार यांच्यासाठी मी सुचवतो त्या खुणा उ>, सा> आणि मी>. वरचंच उदाहरण:

उ> ४२: "…त्या जमिनीवरची गावं त्यांच्या नकाशात नुसते ठिपके होऊन राहिली."
सा> ४२: आखणी जमिनीचा हिशोब धरून झाली, राहणारी माणसं जमेत धरली नाहीत असं लेखकाचं मत.
मी> मग गावठाणाची हद्द कोणी आणि कधी ठरवली? साडेबारा टक्केवाल्या भागाशी जोडता येईल.

खुणेनंतरचा तो बाण शोभेसाठी नाहीये. नुसतं "मी" ठेवलं तर Ctrl+F मारल्यावर कमी, जमीन, मीठ सगळं सापडतं, जमिनीवरच्या निबंधात तर विचारूच नका. मी> शोधलं की फक्त आपल्या ओळी येतात, आणि त्या एकाखाली एक कॉपी केल्या की निबंधाचा कच्चा आराखडाच समोर येतो. खूण रंगासारखी मरत नाही, झेरॉक्स, फोटो, पेस्ट, सगळ्यातून जशीच्या तशी जाते.

उणीव म्हणजे खूण फक्त ओळीच्या सुरुवातीला असते. लांब परिच्छेद लिहिलात आणि मध्येच सारांशातून आपल्या विचारात शिरलात तर खूण काही बोलत नाही. म्हणून आवाज बदलला की नवी ओळ, नवी खूण, अर्धं वाक्य झालं असलं तरी. आणि फोनवर बोलून टाइप करत असाल तर अवतरणचिन्हं सहसा येतच नाहीत, तिथे बोलून फक्त सा> आणि मी> घ्या, अवतरण हाताने टाइप करा किंवा पानाचा फोटो काढून ठेवा. अवतरण पान ओलांडत असेल तर जिथे पान बदलतं तिथे एक उभी रेघ, नंतर अर्धंच वाक्य वापरलंत तर पान बरोबर देता येतं.

मग घ्यावं काय? ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या ठिकाणी बसून वाचणार असाल तर पुस्तकावर खूण करता येत नाही, तिथे डावं-उजवं पान आणि समासातली दांडी. लिहिणं शेवटी लॅपटॉपवरच होणार असेल आणि वाचन तुकड्यातुकड्यात, फोनवर, प्रवासात होत असेल तर अक्षरी खुणा, दुसरा विचार नको. पुस्तकं खूप आणि मुदत महिन्यांची असेल तर कार्डं, पण कोपऱ्यात उ, सा, मी पैकी एक अक्षर टाकूनच. भाचीला मी अक्षरी खुणाच घ्यायला सांगितल्या, तिचं वाचन सकाळच्या ट्रेनमध्ये आणि रात्री घरी असं विभागलेलं आहे.

आणि ज्यांच्या नोट्स आधीच एकमेकांत मिसळल्यात त्यांनी सगळं परत लिहायला बसू नये. नोट्स वाचत जा आणि ज्या ओळी तुमच्या नेहमीच्या लिहिण्यापेक्षा जास्त घोटीव वाटतात त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. पान लिहिलेलं असेल तर पुस्तक उघडून ताडून बघा. पानच लिहिलेलं नसेल आणि शोधूनही सापडत नसेल तर ती ओळ निबंधात घेऊ नका, कितीही आवडली असली तरी.