एकाच महिन्यात दोनदा पैसे कापले: आधी कंपनीला लिहायचं की बँकेला?

ओटीटी, वर्तमानपत्राची डिजिटल आवृत्ती, क्लाउड स्टोरेज असं काहीही ऑटोपेवर असेल आणि एका महिन्यात त्याचे पैसे दोनदा गेले, तर परतावा मागायला दोन जागा आहेत. एक म्हणजे कंपनीला तक्रारीचं पत्र, दुसरी म्हणजे बँकेकडे डिस्प्यूट. माझं मत असं की बहुतेक वेळा पत्र आधी आणि बँक नंतर. काही प्रसंगी मात्र थेट बँकेकडे जावं लागतं, ते पुढे येईलच.

त्याआधी पैसे खरंच दोनदा गेलेत का, ते बघा. अनेक योजना महिन्याच्या नसून ३० दिवसांच्या असतात. अशा योजनेचे पैसे १ ऑगस्टला गेले तर पुढचे ३१ ऑगस्टला जातात. एकाच महिन्यात दोन नोंदी दिसतात, पण दोन्ही बरोबर असतात. क्रेडिट कार्डावर दुसरी नोंद ‘पेंडिंग’ दिसत असेल तर ती आपोआप गळून पडण्याची शक्यता असते, म्हणून ती पक्की होईपर्यंत थांबा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इनव्हॉइस मोजा. पैसे दोनदा आणि इनव्हॉइस एकच, तर तुमची बाजू भक्कम. इनव्हॉइसही दोन आले असतील तर बहुधा घरात दोन खाती चालू आहेत, एक ईमेलवर काढलेलं आणि एक मोबाइल नंबरवर. तेव्हा ‘दोनदा कापले’ असं लिहिलंत तर कंपनी दोन्ही खाती दाखवून तक्रार बंद करेल. तिथे मागणी वेगळी हवी: न वापरलेलं खातं बंद करून त्याचे पैसे परत द्या.

आता कंपनीचा मार्ग. त्याचा मोठा फायदा म्हणजे तुमचं खातं, योजना आणि इनव्हॉइस तिच्यासमोरच असतात. चूक तिच्या बिलिंगमध्ये असेल तर ती स्वतःच रक्कम उलटी फिरवू शकते आणि सबस्क्रिप्शनही चालू राहतं. तोटा असा की चॅटवर ‘पाच-सात दिवस थांबा’ एवढंच ऐकायला मिळतं आणि त्याची नोंद तुमच्या हाती राहत नाही. म्हणून चॅटवर वेळ न घालवता ईमेल लिहा, तोही तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. त्याचा पत्ता बहुधा वेबसाइटच्या अगदी तळाशी असतो.

₹२९९ च्या योजनेसाठी असं पत्र साधारण या धर्तीवर लिहावं:

> विषय: ऑगस्टचे शुल्क दोनदा आकारल्याबाबत, ₹२९९ परत मिळावेत
>
> महोदय/महोदया,
> माझे खाते या ईमेलवरच नोंदलेले आहे. ६ ऑगस्ट रोजी माझ्या कार्डावरून (शेवटचे चार अंक ४४१२) ₹२९९ दोनदा कापले गेले. बँकेच्या एसएमएसप्रमाणे वेळ सकाळी ९.१४ आणि ९.१६ अशी आहे. दोन्ही नोंदी स्टेटमेंटमध्ये पक्क्या झाल्या आहेत. आपल्याकडून ६ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर या कालावधीचे एकच इनव्हॉइस आले आहे. माझे दुसरे खाते नाही.
> दुसऱ्या व्यवहाराचे ₹२९९ त्याच कार्डावर परत करावेत. वॉलेटमधील क्रेडिट किंवा मुदतवाढ मला नको. सबस्क्रिप्शन चालू ठेवायचे आहे.
> परतावा केल्यावर त्याचा एआरएन कळवावा. आपल्याकडे एकच रक्कम जमा झाली असल्यास तसे लेखी कळवावे.
> सोबत: स्टेटमेंटचे पान, दोन्ही एसएमएस, इनव्हॉइस.

स्टेटमेंट जोडताना बाकीचे व्यवहार झाकून टाका. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही किंवा ओटीपी कुणी मागितला तरी देऊ नका, परताव्यासाठी त्यांची गरज नसते.

‘क्रेडिट नको’ हे वाक्य गाळू नका. ते नसलं की बऱ्याचदा पुढचा महिना फुकट देऊन तक्रार मिटवली जाते. एआरएन हा २३ अंकी क्रमांक असतो. कंपनीचं ‘आम्ही पैसे पाठवले’ आणि बँकेचं ‘आम्हाला मिळाले नाहीत’ असं सुरू झालं की तो दाखवून बँकेला परताव्याचा माग काढता येतो. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याजागी १२ अंकी आरआरएन मागा.

पत्रातल्या शेवटच्या मागणीवरच पुढचा मार्ग ठरतो. कंपनीने लिहून दिलं की आमच्याकडे एकच ₹२९९ आले, तर दुसरी रक्कम वाटेत अडकली आहे. मग कंपनीशी वाद घालण्यात अर्थ नाही. ते उत्तर जोडून थेट बँकेकडे जा. खात्यातून पैसे गेले पण व्यापाऱ्यापर्यंत पोहोचले नाहीत, अशा फसलेल्या व्यवहाराला रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक लागू होतं. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, त्यापुढे दर दिवसाला ₹१०० भरपाई. हा ₹१०० चा नियम लोक सरसकट प्रत्येक दुहेरी कपातीला लावतात, ते चूक आहे. दोन्ही रकमा कंपनीच्या खात्यात पोहोचल्या असतील तर व्यवहार फसलेला नसतो आणि ही भरपाई मागता येत नाही.

पैसे कंपनीकडे पोहोचलेत आणि ती दाद देत नाही, तेव्हा बँकेचा डिस्प्यूट कामाला येतो. कार्डाच्या बाबतीत त्यालाच चार्जबॅक म्हणतात आणि त्यात ‘डुप्लिकेट प्रोसेसिंग’ असं वेगळं कारणच असतं. फॉर्ममध्ये तेच निवडा. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ हे निवडलंत तर तो फसवणुकीचा मामला होतो, कार्ड ब्लॉक होतं आणि तुमची खरी तक्रार बाजूला पडते. बँकेला तुमच्या योजनेशी देणंघेणं नसतं. तिला दोन व्यवहार क्रमांक आणि कंपनीकडे आधी दाद मागितल्याचा पुरावा हवा असतो, म्हणजे वरचंच पत्र इथे जोडायचं. व्हिसाच्या नियमांत या कारणासाठी साधारण १२० दिवसांची मुदत आहे, पण बँका स्वतःची मुदत याहून कमी ठेवू शकतात. म्हणून कंपनीची वाट महिन्यापेक्षा जास्त बघू नये, असं मला वाटतं.

दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाकणं मला पटत नाही. चार्जबॅक लागला की काही कंपन्या खातंच बंद करतात. दोन्हीकडून पैसे आले तर एक परतावा नंतर पुन्हा कापला जातो आणि हिशेब आणखी गुंततो. सबस्क्रिप्शन आधीच सोडलेलं असेल किंवा कंपनीचा ईमेलच बंद पडला असेल, तर मात्र बँकेकडे जायला कचरू नका.

गूगल प्ले किंवा ॲपलमार्फत पैसे गेले असतील तर हे पत्र त्या सेवेला पाठवून उपयोग होत नाही, कारण बिल स्टोअरने केलेलं असतं. स्टेटमेंटवर स्टोअरचं नाव असतं, त्यावरून ते ओळखता येतं. ॲपलची मागणी reportaproblem.apple.com वर करायची, गूगलची प्ले स्टोअरच्या ऑर्डर हिस्टरीतून.

यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादीही उघडून बघा. योजना बदलताना जुना मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, तसाच राहिला असेल तर एकाच सेवेचे दोन दिसतील. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच जुना रद्द करा. रद्द केल्याने गेलेले पैसे परत येत नाहीत, पण पुढच्या महिन्याची कपात थांबते.

कंपनीने महिनाभरात काही केलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. तिथे बँकेला केलेल्या लेखी तक्रारीची तारीख विचारतात, त्यामुळे शाखेत नुसतं तोंडी सांगून येऊ नका, तक्रार क्रमांक घेऊनच या.