एकच फिर्याद, तीन बातम्या: कोणती छापायची?

पोलीस ठाण्यात लिहून घेतलेली फिर्याद बहुतेक वेळा ठरावीक साच्यातल्या वाक्याने संपते. माझी फिर्याद संगणकावर टंकलिखित केली, ती मी वाचून पाहिली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली सही. यातले 'माझ्या सांगण्याप्रमाणे' हे शब्द ठाण्यातून डेस्कपर्यंत येता येता कुठेतरी गळतात, आणि सकाळच्या अंकात एका माणसाचं म्हणणं वर्तमानपत्राचं म्हणणं होऊन बसतं.

तालुक्याहून आलेल्या गुन्ह्यांच्या बातम्या मी बरीच वर्षं नीट करत आलो आहे. त्या लिहिण्याच्या तीन रीती सतत समोर येतात. नव्याने क्राइम बीट मिळालेल्या वार्ताहराला यातली एक निवडावीच लागते, त्याने ठरवलं नाही तर सवय ठरवते. म्हणून तिन्ही रीती एकाच प्रसंगावर लावून पाहू. प्रसंग मी बेतलेला आहे, पण असा प्रसंग आठवड्यातून एकदा तरी येतोच.

एका शेतकऱ्याने मंगळवारी दुपारी सव्वातीनला फिर्याद दिली. त्यात म्हटलंय की सकाळी साडेआठच्या सुमारास शेजारी ट्रॅक्टरने बांध कोरत होता. त्याला जाब विचारला तेव्हा शेजाऱ्याने आणि त्याच्या दोन मुलांनी शिवीगाळ केली, फावड्याच्या दांड्याने डोक्यात मारलं आणि जिवे मारण्याची धमकी दिली. भारतीय न्याय संहितेची कलमं ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) लागली आहेत. ठाण्यातले हवालदार सांगतात की फिर्यादी डोक्याला रुमाल बांधून आला होता आणि त्याला यादी, म्हणजे वैद्यकीय तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवलं आहे.

पहिली रीत, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात झटपट:

"बांध कोरल्याचा जाब विचारल्याच्या रागातून बाप-लेकांनी शेजारच्या शेतकऱ्याला फावड्याच्या दांड्याने बेदम मारहाण केली. आरोपींनी शिवीगाळ करत जिवे मारण्याची धमकी दिली. याप्रकरणी तिघांवर गुन्हा दाखल झाला आहे."

दुसरी रीत, वकिलाची नोटीस येऊन गेलेल्या कार्यालयांत हमखास दिसणारी:

"बांधाच्या कथित वादातून बाप-लेकांनी शेतकऱ्याला कथित मारहाण केल्याचा आरोप आहे. आरोपींनी फावड्याचा दांडा डोक्यात घातला. या हल्ल्यात शेतकरी जखमी झाला आहे."

तिसरी:

"बांध कोरण्यावरून शेजाऱ्याने व त्याच्या दोन मुलांनी फावड्याच्या दांड्याने मारल्याची फिर्याद एका शेतकऱ्याने मंगळवारी दिली. त्यावरून पोलिसांनी तिघांविरुद्ध गुन्हा नोंदवला आहे. घटना सकाळी साडेआठच्या सुमारास घडल्याचे फिर्यादीत म्हटले आहे. फिर्याद दुपारी सव्वातीन वाजता नोंदली गेली. फिर्यादीच्या डोक्याला जखम असून त्याला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवल्याचे पोलिसांनी सांगितले. रात्री नऊपर्यंत कोणालाही अटक झालेली नव्हती. 'मी त्या वेळी शेतात नव्हतो, मुले होती. मारहाण आम्ही केलेली नाही,' असे शेजाऱ्याने दूरध्वनीवर सांगितले."

पहिल्या रीतीच्या बाजूने एकच युक्तिवाद ऐकू येतो: "गुन्हा दाखल झालाय ना, मग?" पण गुन्हा दाखल होण्याचा अर्थ फार मर्यादित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की मिळालेल्या माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर पोलिसांनी तो नोंदवलाच पाहिजे. माहिती खरी वाटते की खोटी, हा नोंदवण्याआधीचा प्रश्नच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये काही गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे, पण तीही प्रथमदर्शनी प्रकरण दिसतं का, एवढंच पाहण्यासाठी. म्हणजे ठाणे अंमलदाराने काहीही तपासण्याआधी लिहिलेला कागद तपास झाल्यासारखा छापणं, एवढंच पहिल्या रीतीत घडतं. खटल्यातही फिर्याद हा स्वतंत्र पुरावा नसतो. ती देणारा साक्षीला उभा राहिला की त्याच्या बोलण्याला दुजोरा द्यायला किंवा त्यातली विसंगती दाखवायला ती वापरतात.

कायद्याचा धोकाही याच रीतीत जास्त. बदनामीच्या कलमाला, म्हणजे न्याय संहितेच्या ३५६ ला, जे अपवाद आहेत त्यात न्यायालयाच्या कामकाजाच्या खऱ्या वृत्ताला स्पष्ट संरक्षण आहे. फिर्याद म्हणजे न्यायालयाचं कामकाज नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका दैनिकाच्या बाजूने निकाल देताना, गुन्हा नोंदल्याची बातमी इमानाने दिली तर ती बदनामी ठरत नाही, अशी भूमिका घेतली आहे. त्यात सगळं वजन 'इमानाने' या शब्दावर आहे. 'बेदम' हा शब्द फिर्यादीत नव्हता, तो आपण घातला. 'रागातून' हे कारणही आपलंच.

दुसरी रीत सावध दिसते, पण माझा तिच्यावर पहिलीपेक्षाही राग आहे, कारण ती लिहिणाऱ्याला फसवते. 'कथित' हे विशेषण एका नामाला चिकटतं आणि तिथेच संपतं. दुसरं वाक्य वाचा: "आरोपींनी फावड्याचा दांडा डोक्यात घातला." इथे कोण बोलतंय? वार्ताहर. तिसऱ्या वाक्यात तर 'या हल्ल्यात' आहे, म्हणजे हल्ला झाला हे गृहीत धरलं. शिवाय वाद कथित कशाला? वाद आहे हे दोन्ही बाजू सांगतायत. जिथे शंका नाही तिथे 'कथित' आणि जिथे हवं तिथे काहीच नाही, असं या रीतीत नेहमी होतं.

तिसऱ्या रीतीचं बळ मराठीच्या वाक्यरचनेत आहे. 'मारल्याची फिर्याद' म्हटलं की त्या वाक्यात आधी आलेलं सगळं, बांध, दांडा, तीन माणसं, फिर्यादीच्या छत्राखाली येतं. पूर्णविराम पडला की छत्र मिटतं. पुढच्या वाक्यात ते पुन्हा उघडावं लागतं: 'फिर्यादीत म्हटले आहे', 'असे पोलिसांनी सांगितले'. तपासायची सोपी पद्धत म्हणजे बातमीतलं प्रत्येक वाक्य सुटं काढून वाचायचं. एकटं वाचल्यावर ते वर्तमानपत्राचं म्हणणं वाटलं, आणि आपण ते स्वतः पाहिलेलं किंवा पडताळलेलं नसेल, तर ते दुरुस्त करायचं.

या बातमीत वेळ दोनदा आली आहे, तेही सहज नाही. सव्वातीन ही पोलिसांच्या नोंदीतली वेळ आहे, ती थेट लिहिता येते. साडेआठ ही फिर्यादीने सांगितलेली वेळ आहे. दोन्हींत पावणेसात तास गेले, पण 'उशिरा फिर्याद' असं लिहिलं की आपण दुसऱ्या बाजूचे वकील होतो. दोन्ही वेळा द्याव्या, वाचक वजाबाकी करतो. जखमेचंही तसंच. जखम पोलिसांनी पाहिली, ती कोणी केली हे पाहिलं नाही.

तिसऱ्या रीतीला किंमत आहे. शब्द दुपटीहून जास्त लागतात आणि एक फोन करावा लागतो. पानावर जागा नसेल तर बातमी दोन ओळींची करावी. दोन ओळींत फिर्याद, गुन्हा आणि दुसऱ्या बाजूचा नकार बसतो. शिवीगाळ आणि धमकी गळली तरी चालते.

मथळ्यात मात्र हे सगळं मोडतं, आणि मथळा बहुधा दुसराच कोणी देतो. 'बाप-लेकांची शेतकऱ्याला मारहाण' हा पहिल्या रीतीचा मथळा तिसऱ्या रीतीच्या बातमीवर बसला की मेहनत वाया. 'मारहाणप्रकरणी तिघांवर गुन्हा' हा मधला मार्ग वाटतो, पण 'प्रकरणी' मारहाण झाली असंच धरून चालतं. 'बांधावरून मारहाणीची फिर्याद. तिघांवर गुन्हा' यात दोनच शब्द जास्त आहेत. असेच फसवे शब्द 'निष्पन्न झाले', 'उघडकीस आले' आणि 'फरार'. शेजारी त्या रात्री घरी सापडला नाही म्हणून तो फरार होत नाही, पोलिसांची आणि त्याची भेट झालेली नसते एवढंच. 'गुन्ह्याची कबुली दिली' हे तर पोलिसांनी सांगितलं तरी जपून, कारण पोलिसांपुढची कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही.

नावं घालायची का, हा वेगळा निर्णय. वरच्या प्रसंगात मी घालणार नाही. तीन शेतकऱ्यांच्या नावाने वाचकाला काही कळत नाही आणि गावात मात्र कायमचं कळतं. लोकप्रतिनिधी, पतसंस्थेचा अध्यक्ष, ठेवी गोळा करणारा, यांची नावं लागतात, पण मग त्यांच्या बाजूसाठी रात्री दहापर्यंत थांबायची तयारीही लागते. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख आणि कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाची ओळख यांना मात्र निर्णयच नाही, ती छापणं गुन्हा आहे. नाव टाळून गाव, शाळा आणि मामाचा धंदा छापणं हीसुद्धा ओळखच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर फिर्यादी पोलिसांच्या संकेतस्थळावर चोवीस तासांत टाकल्या जातात, पण अशा संवेदनशील फिर्यादी त्यातून वगळलेल्या असतात. त्या कोणी व्हॉट्सॲपवर पाठवल्या म्हणून छापायची परवानगी मिळत नाही.

आता आपल्या प्रसंगातली रात्र. दहा वाजता शेजाऱ्याचा धाकटा मुलगा त्याच ठाण्यात आला. त्याची फिर्याद: बांध आम्ही कोरलाच नाही, समोरच्यानेच कोयता उगारला, हाताला लागलं, झटापटीत तो दगडावर पडला. दुसरा गुन्हा नोंदला गेला. परस्परविरोधी फिर्यादी, जमिनीच्या वादात नेहमीच्याच. ज्याने पहिल्या रीतीने छापलं त्याला दुसऱ्या दिवशी आपल्याच बातमीच्या उलट बातमी द्यावी लागते, किंवा, जे जास्त वेळा होतं, तो देतच नाही. दुसऱ्या रीतीवाल्याला कुठला 'कथित' कुठे हलवायचा ते कळत नाही. तिसऱ्या रीतीच्या बातमीत एकही शब्द मागे घ्यावा लागत नाही, फक्त खाली एक परिच्छेद जोडावा लागतो.

आणि काही महिन्यांनी आणखी एक. महाराष्ट्रात तपास आरोपपत्राशिवाय संपला तर पोलीस न्यायालयात समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर 'अ', फिर्याद खोटी ठरली तर 'ब', गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी वादाची असेल तर 'क'. समरी मंजूर करायची की नाही ते न्यायदंडाधिकारी ठरवतात. ठाण्यातून कोणी स्वतःहून हे कळवत नाही. मी बातमीसोबत गुन्ह्याचा नंबर एका वहीत ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी हवालदारांना विचारतो. 'ब' किंवा 'क' मंजूर झाली की संकेतस्थळावरच्या जुन्या बातमीच्या अगदी वरती ओळ जाते: "या गुन्ह्यात पोलिसांनी पाठवलेला 'क' समरी अहवाल न्यायालयाने मंजूर केला आहे." तळाशी नाही, कारण नाव शोधत आलेला माणूस तळापर्यंत जात नाही.