यंदा चवथीला गावी नाही: वेगळा गणपती, अर्धी वारी की नुसतं घरी राहणं, आणि ते सांगायचं कसं

बेळगावात राहून ज्यांचं मूळ घर चंदगड, गडहिंग्लज किंवा खानापूरच्या खेड्यात आहे, त्यांना "यंदा गणपतीला येत नाही" हे सांगणं मुंबईच्या माणसापेक्षा जड जातं. मुंबईवाल्याला रजा, रेल्वेचं तिकीट, घाटातला पाऊस असं काहीतरी पुढं करता येतं. वडगाव किंवा शहापुरातून निघून हिंडलगा, बाची, शिनोळी करत तासा-सव्वा तासात गाव गाठणाऱ्याला असं काही कारण नसतं. "तासाची तर वाट, संध्याकाळच्या आरतीला या की," असं कुणीतरी म्हणणारच. म्हणून अंतराची, पावसाची किंवा बसची सबब शोधू नका. घरी राहायचं ठरवलं आहे हेच सांगायचं आहे, आणि ते कुणाला न दुखावता कसं सांगायचं याचा विचार करायचा आहे.

बोलण्याआधी एक गोष्ट नक्की करावी लागते. घरी राहणं म्हणजे नेमकं काय करणार? तीन वाटा आहेत, आणि ऐकणाऱ्याला त्यांतून तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात.

पहिली वाट म्हणजे बेळगावच्या घरी स्वतःची मूर्ती बसवणं. मुलांना ती फार आवडते आणि इच्छाही साधी असते, पण आपल्या भागात गणपतीचा संबंध चुलीशी आणि वाटणीशी आहे. भाऊ चार ठिकाणी राहिले तरी गणपती थोरल्या घरी एकच, असं असेल तोवर भावकीत ते घर एक धरलं जातं. धाकट्यानं मूर्ती आणली की "वेगळे झाले काय?" हा प्रश्न आधी शेजारी विचारतात आणि मग पाहुणे. चूल वेगळी असेल तर गणपती वेगळा बसवायला हरकत नाही, असं बरेच पुरोहित सांगतात. त्यामुळं अडचण शास्त्राची नाही, अर्थ लावण्याची आहे. शिवाय एकदा बसवला की दरवर्षी बसवावा, अशी समजूत घराघरात आहे. म्हणजे तुम्ही एका वर्षाचं बोलत असता आणि आईला ते कायमचं वाटतं. ही वाट घ्यायची तर ते एका वर्षाचं म्हणून सांगू नका. तो मोठा निर्णय आहे, त्यासाठी सगळ्या भावांनी एकत्र बसून बोलावं.

दुसरी वाट अर्धी वारी: चवथ इथं आणि गौरी तिथं, किंवा उलट. ऐकायला ही सगळ्यांत गोड, म्हणून बहुतेक जण हीच निवडतात. प्रत्यक्षात दमणूक तीच राहते आणि घरी राहिल्याचं समाधानही मिळत नाही. त्यात सीमेची एक खोच आहे. बेळगावात चवथीची सुट्टी असते, पण शाळांची लांब सुट्टी दसऱ्याला. पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यात गौरीलाही बहुधा स्थानिक सुट्टी मिळते. दादाची पोरं घरी असतात तेव्हा तुमच्या पोरांना शाळा असते, आणि "गौरीला येतो" म्हटलेलं रजेअभावी मोडतं. मोडलेला शब्द नकारापेक्षा जास्त लागतो, कारण तोवर वहिनीनं पुरणाची डाळ तुम्हाला धरून भिजवलेली असते. रजा मंजूर होऊन हातात असेल तरच ही वाट घ्या.

तिसरी वाट मला एका वर्षासाठी सगळ्यांत नीट वाटते. नवी मूर्ती आणायची नाही. देवघरातल्या धातूच्या गणपतीला किंवा सुपारीला दूर्वा वाहायच्या, मोदक करायचे आणि मुलांना घेऊन आरती म्हणायची. विसर्जन नाही, त्यामुळं दरवर्षीचं बंधन नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे "गणपती आपला गावचाच" हे वाक्य खरेपणानं म्हणता येतं. सांगताना तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. ज्या घरात मुलं मूर्तीसाठी अडून बसतील तिथं त्यांना गल्लीतल्या मंडळाच्या गणपतीला रोज न्यावं. सार्वजनिक गणपती बेळगावात 1905 पासून बसतो आहे, मुलांच्या हौसेला इथं काही कमी नाही.

आता सांगायचं कसं. कुटुंबाच्या ग्रुपवर मेसेज टाकणं हा पर्याय मी मोजतच नाही. तो आत्याबाई, चुलते आणि दिल्या घरच्या बहिणी एकाच वेळी वाचतात, आणि आईला तुमच्या आधी बहिणीकडून फोन येतो. भावाच्या तोंडी निरोप पाठवण्याचंही तसंच: "ती येत न्हाईत म्हणं" इतकाच भाग पोचतो, पुढचा गळून पडतो.

खरी निवड फोन आणि समक्ष भेट यांत आहे. फोनवर आई "बरं" म्हणते आणि ठेवते. त्या "बरं"चा अर्थ तिकडं तिचा चेहरा बघितल्याशिवाय लागत नाही. समक्ष गेलात तर ती लगेच विचारते, चिडते, आणि अर्ध्या तासानं चहा टाकते. गाव तासाभरावर असताना फक्त फोन केलात, तर इतकं जवळ असूनही यावंसं वाटलं नाही याचंच तिला वाईट वाटेल. मूळ घर लांब असेल, पुण्याकडं किंवा मुंबईकडं, तर फोन पुरेसा आहे, पण आईला वेगळा आणि थोरल्या भावाला वेगळा. बेळगावकरानं मात्र एक रविवार काढावा.

तो रविवार नागपंचमीच्या आधीचा असावा. नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला आणि चवथ भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, म्हणजे मध्ये जवळपास महिना राहतो. पंचमीला माहेरवाशिणी येतात आणि तिथूनच चवथीचा हिशेब सुरू होतो: मूर्ती केवढी सांगायची, करंज्या किती, कोण कधी येणार. त्या हिशेबात तुमची नावं धरली गेल्यावर सांगितलं तर ते नाव मागं घेणं ठरतं. आधी सांगितलं तर नुसती माहिती असते.

कोणी सांगायचं यावर मला जास्त जोर द्यावासा वाटतो. नवऱ्यानं आपल्या आईला स्वतः सांगावं, बायकोनं आपल्या माहेरी. "हिला झेपत न्हाई", "हिला ऑफिसात रजा न्हाई" असं एकदा तोंडातून गेलं की ठरवणारी ती ठरते, आणि पुढची कित्येक वर्षं तिलाच ऐकावं लागतं. कारण खरं असलं तरी सांगताना "आम्ही ठरवलंय" म्हणा. तसंच तिकडच्या गर्दीबद्दल, कामाच्या वाटणीबद्दल, कोण बसून खातं याबद्दल त्या दिवशी एक शब्दही नको. ती गाऱ्हाणी खरी असतील, पण न येण्याचं कारण म्हणून मांडली की तो आरोप होतो आणि बोलणं तिथंच फिरतं.

एक घर डोळ्यांसमोर धरू. नवरा-बायको दोघं नोकरीला, वडगावात भाड्याचं घर, एक मुलगी पाचवीत आणि मुलगा लहान. मूळ घर शिनोळीच्या पुढं. तिथं आई, दादा आणि वहिनी. दरवर्षी चवथीच्या आदल्या रात्री जायचं, उंदरीला थांबायचं, पहाटे निघून थेट कामावर जायचं, आणि गौरीला पुन्हा तेच. यंदा त्यांना मुलांबरोबर एक चवथ निवांत घरी काढायची आहे. तिकडं कुणाशी काही बिनसलेलं नाही.

तो एकटा गेला, जेवणं झाल्यावर बोलला. "आई, यंदा चवथीला आम्ही बेळगावातच राहायचं ठरवलंय. मूर्ती आणत नाही, गणपती आपला इथलाच. म्हाळाला आदल्या दिवशी येतो, सगळी येतो."

आई म्हणाली, "काय झालं रं? वैनीचं आन् हिचं काय बिनसलं व्हय?"

"काही बिनसलं नाही. पोरांसंगं एक सण घरात काढायचाय."

दादानं तासाच्या वाटेचं काढलंच. त्यावर उत्तर एवढंच: "वाट तासाचीच हाय दादा, ते खरं. यंदा राहायचं ठरवलंय." दुसरं कारण जोडलं नाही. दोन कारणं दिली की दादा दोन्ही खोडून काढणार, आणि मग तिसरं खोटं सांगावं लागणार.

यात म्हाळ ठेवणं हुशारीचं आहे. अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष लागतो, आणि म्हाळ थोरल्या घरी सगळ्या भावांनी मिळून घालायचा असतो. त्या पंगतीला तुम्ही सहकुटुंब आदल्या दिवसापासून हजर असलात, तर घर फुटलं नाही हे भावकीला वेगळं सांगावं लागत नाही. दसऱ्याची सुट्टी दुसरा पर्याय आहे. मुलांना तेव्हा मोकळे दिवस असतात, चवथीपेक्षा निवांत राहता येतं. मात्र शब्द देताना एकच द्या, आणि तो पाळता येईल असाच.

पैशाचं नीट बघा. भाऊ मिळून सणाचा खर्च काढत असतील तर तुमचा वाटा गेल्या वर्षी होता तेवढाच, आणि त्याच भेटीत द्या. कमी दिलात तर वेगळं होणं दिसतं. जास्त दिलात तर न येण्याची भरपाई केल्यासारखं वाटतं, आणि वहिनीला तर ते टोचतंच, कारण तिच्यावर पडतं ते काम पैशानं हलकं होत नाही. म्हणून तिला वेगळं विचारा: "वैनी, तुझ्यावर काय काय वाढतंय?" मग चवथीच्या आधीच्या रविवारी दोघांनी जाऊन भांडी काढणं, घर झाडणं, करंज्या लाटणं यातलं एखादं काम उरकून यावं. गणपत गल्लीतून पूजेचं आणि सजावटीचं सामान नेऊन दिलं तरी त्यांची एक खेप वाचते.

सांगून झाल्यावर बिघडतं ते बहुधा चवथीच्या दिवशीच. संध्याकाळी सासुरवाडीत जेवायला गेलात, मेव्हणीनं फोटो स्टेटसला टाकला, आणि गावात तो बघितला गेला. "घरात राहायचं म्हणून सांगितलं, आन् तिकडं गेली" हे नंतर पुसता येत नाही. जाणार असाल तर रविवारच्या बोलण्यातच सांगा. आरतीच्या वेळेला व्हिडिओ कॉल लावायचा असेल तर वेळ दादानं ठरवावी, कारण तिकडं घरभर पाहुणे असतात आणि फोन धरायला माणूस लागतो.

आई गप्प आहे, तुमच्या फोनवर दोन शब्द बोलून फोन नातवाकडं देते आहे, किंवा तिच्या मनातलं तुम्हाला बहिणीकडून कळतं आहे, तर तिला अजून पटलेलं नाही असं समजा. अशा वेळी कारणं पुन्हा सांगू नका, ठरलेलंही बदलू नका. चवथीआधी आणखी एकदा जाऊन या, नुसतं जेवून या.

घरात नवी सून पहिल्यांदा गौरी पूजणार असेल, किंवा वडीलधारं कुणी आजारी असेल, तर यंदा हा विषय काढू नये असं मला वाटतं.

आणि निघताना आई उंबऱ्यात विचारेल, "पुढल्या वर्षी तरी येतासा न्हवं?" तिथं भरात "येतो" म्हणू नका. "पुढल्या वर्षीचं नागपंचमीच्या आधी येऊन सांगतो," असं म्हणा, आणि तसं सांगायला जा.