सोळा सेंटिमीटरच्या मनगटाला ३८ चं घड्याळ की ४२ चं?

पुतण्याची पहिली नोकरी लागली आणि पहिल्या पगारात घड्याळ घ्यायचं ठरलं. मोबाईलवर दोन पसंत करून तो माझ्याकडे आला. "काका, कोणतं घेऊ? मले तं मोठंच आवडलं." एकाची डायल ३८ मिलिमीटरची, दुसऱ्याची ४२ ची. आमच्या दारव्ह्याकडच्या खेड्यात मागवलेलं पार्सल परत करायचं म्हणजे तालुक्याला चकरा, म्हणून माप आधीच नीट घेणं भाग होतं.

मनगटाचं माप हाड जिथे वर आलेलं असतं तिथे घेऊ नका. हाडाच्या मागे, कोपराच्या बाजूला, जिथे घड्याळ बसतं तिथे घ्या. शिंप्याचा टेप जुना असेल तर तो ताणलेला असतो. आधी लोखंडी पट्टीवर ताडून पाहा. टेप नसेल तर वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी कापायची, ती मनगटाला न आवळता गुंडाळायची, जिथे एकावर एक येते तिथे पेनानं खूण करायची आणि पट्टी सरळ करून मोजायची. माप संध्याकाळी घ्यावं. उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसभर काम केलं की हात सुजतो आणि सकाळचं माप कमी पडतं. पुतण्याचं माप सकाळी १५.६ आलं, संध्याकाळी १६.

पण घेर कळला तरी अर्धंच काम होतं. दोघांचा घेर सारखा असला तरी एकाचं मनगट गोल असतं, दुसऱ्याचं चपटं, आणि घड्याळ बसतं ते वरच्या सपाट जागेवर. पट्टा अडकवायला डब्याला वर-खाली जे चार पाय असतात त्यांना लग म्हणतात. वरच्या लगाच्या टोकापासून खालच्या लगाच्या टोकापर्यंतची लांबी मनगटाच्या रुंदीत मावली पाहिजे. डायलचा आकडा सगळे पाहतात, ही लांबी कोणी पाहत नाही, आणि फसगत इथेच होते. पुतण्याच्या ३८ च्या घड्याळाची ही लांबी ४६ होती, ४२ च्या घड्याळाची ५१.

लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दोन तुकडे कापले, एक ४६ मिलिमीटर लांब, दुसरा ५१. दोन्ही त्याच्या मनगटावर ठेवून पाहिले. लहान तुकडा सपाट जागेत राहिला. मोठ्याची दोन्ही टोकं उतारावरून अधांतरी आली आणि खालून उजेड दिसू लागला. असं घड्याळ हात हलला की डुलतं आणि शर्टाच्या बाहीत अडकतं. धातूच्या चेनीचं घेत असाल तर आणखी जपा. काही चेनींची पहिली कडी लगाच्या पुढे ताठ उभी राहते, वाकत नाही, म्हणून तीही लांबीत धरा.

आता पट्ट्याची रुंदी. ती म्हणजे दोन लगांच्या मधली मोकळी जागा, आतून आतपर्यंत. जुना पट्टा मोजत असाल तर डब्याकडचं टोक मोजा. बकलाकडे पट्टा बहुतेक निमुळता होतो, २० चा तिथे १८ किंवा १६ भरतो. शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत शून्य काठापासून थोडं आत असतं, तेही विसरू नका. मी कागदाची चिंधी हळूहळू कापत लगांमध्ये अलगद बसेपर्यंत आणतो आणि मग ती मोजतो.

आमच्या वडिलांच्या एचएमटीला १८ चा पट्टा लागतो. एकदा मी अंदाजानं २० चा मागवला. चामडं दाबून कसंबसं घातलं, पण कडा चुरगळल्या आणि महिन्याभरात टाके उसवले. उलटी चूकही तितकीच वाईट: २० च्या जागी १८ चा पट्टा घातला की दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर फट राहते, पिन दिसते, पट्टा सरकत राहतो. १९ च्या लगात २० चं मऊ चामडं एखाद वेळी चालून जातं. रबर फुगतं आणि धातू तर जातच नाही.

या दोघांत ३८ च्याला २० चा पट्टा होता, ४२ च्याला २२ चा. बाजारात दोन्ही मिळतात, त्यामुळे निवड रुंदीवर अडली नाही. लांबी मात्र पाहावी लागली. नेहमीचा पट्टा साधारण १२० आणि ७५ मिलिमीटरच्या दोन तुकड्यांचा असतो. बारीक मनगटावर तो पहिल्या-दुसऱ्या भोकात लागतो आणि शेपूट लांब लोंबते. त्याला १०५ आणि ६५ चा आखूड पट्टा बरा.

पुतण्याला मी ३८ चं घ्यायला सांगितलं, आणि मेच्या घामात चामडं कुजतं म्हणून २० चा रबरी पट्टा. त्याच्या थोरल्या भावाचं मनगट १८ चं आहे आणि चपटं. ५१ चा तो कागद त्याच्या हातावर ठेवला तर दोन्ही बाजूंना जागा उरली. ४२ चं त्यानं घेतलं तर मी नाही म्हणणार नाही.