शब्दावली आधी की शेवटी?

बडोद्यात आम्ही तिघं मिळून एका संपादित ग्रंथाचं चिनी भाषांतर करतोय, प्रत्येक प्रकरणाचा लेखक वेगळा. पहिला वाद हाच, की शब्द आधी ठरवायचे का सगळं झाल्यावर एकाने बसून सारखे करायचे.

शेवटी करण्यात सुरुवातीला स्पीड मिळतो हे खरं, पण आयडेंटिटीचं बघा ना, चिनीत 'रंथोंग' म्हणजे आपण स्वतःला कोणाशी जोडतो ते आणि 'शनफन' म्हणजे समाजातली किंवा कागदावरची ओळख, आणि आमच्याकडे दोघांनी दोन शब्द वापरले होते. मी फाइंड-रिप्लेस करून सगळीकडे रंथोंग केलं तर ओळखपत्राच्या 'शनफनचंग'चं पण 'रंथोंगचंग' झालं, असा शब्दच नाही! शिवाय एका लेखिकेचा अख्खा मुद्दाच या दोन अर्थांतल्या फरकावर होता, तो पुसलाच गेला.

म्हणून माझं मत आधीच शब्दावली, पण नुसत्या शब्दांच्या जोड्या नकोत, कुठल्या अर्थाला कुठला शब्द आणि कुठल्या प्रकरणात अपवाद, हेही लिहायचं.

आवाजाचं मात्र उलट, तो शेवटीच बघावा. लेखक स्वतःला 'वो' म्हणजे मी म्हणतो का 'बीझ' म्हणजे प्रस्तुत लेखक, हे सगळी प्रकरणं सलग वाचल्यावरच खटकतं. आणि फील्डवर्कच्या आठवणी सांगणाऱ्या प्रकरणात 'वो' राहू द्यावा, तिथे बीझ फारच कोरडा वाटतो.