मॅप ॲपच्या स्क्रीनशॉटवर डिलिव्हरीची फेरी: सात महिन्यांनंतर

मध्यंतरी एका मंगळवारी सकाळी राजापूरच्या पुढच्या नाक्यावरून गाडी गेली आणि फास्टॅगचा मेसेज आला: १४५ रुपये. आदल्या रात्री काढलेल्या स्क्रीनशॉटवर त्याच नाक्याचे ९० होते. पंचावन्न रुपयांवरून कोण एवढं लिहितं, असं म्हणाल. मी लिहितो.

आमची आंबापोळी आणि कोकम सरबताची फेरी दर मंगळवारी रत्नागिरीतून निघते. लांजा, राजापूर, कणकवली, मग देवगड. परतायला दोन वाटा आहेत. नांदगावला महामार्ग धरून यायचं, नाहीतर किनाऱ्याने जैतापूर, पावस करत यायचं. भाचा दोन्हींचे स्क्रीनशॉट काढतो आणि मी वहीत तीन रकाने भरतो: अंतर, वेळ, टोल. महामार्ग सुमारे १४० किलोमीटर, २ तास ५५ मिनिटं, टोल ९०. किनारा सुमारे ११० किलोमीटर, ३ तास २० मिनिटं, टोल काही नाही. पहिले तीन महिने मी डोळे मिटून किनारा धरला, कारण नाक्याला पैसे द्यायचे म्हटलं की माझ्या पोटात कळ येते.

आता तो ९० चा आकडा कुठून आला? ॲपला कार आणि दुचाकी कळते, माझी पिकअप कळत नाही. नाक्यावरच्या दरफलकावर 'हलके व्यावसायिक वाहन' ही ओळ वेगळी असते. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या नियमांत कारचा मूळ दर किलोमीटरला ६५ पैसे आणि हलक्या व्यावसायिक गाडीचा १ रुपया ५ पैसे असा होता. पुढे दर वाढत गेले तरी प्रमाण तेच, साधारण १.६ पट. ९० ला १.६ ने गुणा, १४५ च्या आसपास येतात. म्हणजे ॲपने थाप मारली नाही, त्याने दुसऱ्याच गाडीचा टोल सांगितला.

भांडायच्या तयारीत बसलो होतो. त्या दिवशी मुद्दाम महामार्गाने परत आलो, म्हटलं होऊन जाऊ दे २९०. संध्याकाळचा मेसेज आला, ७५! चोवीस तासांत त्याच नाक्यावरून परतलं की दोन्ही मिळून एकेरीच्या दीडपट घेतात, हे मी विसरूनच गेलो होतो. ॲप मात्र सरळ ९० अधिक ९० करून १८० दाखवत होतं. माझे गेले २२०.

पुढच्या मंगळवारी खिडकीतल्या पोराला मेसेज दाखवला. तो म्हणाला, "काका, गाडी एमएच-०८ ना? नॅशनल परमिट नाही ना? मग आरसी घेऊन ऑफिसात जा." नाका ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या व्यावसायिक गाडीला निम्मा दर असतो, फक्त ती राष्ट्रीय परवान्यावर नसावी. कागद दिल्याशिवाय आमच्या टॅगला तो लागला नव्हता. कागद दिले, आता प्रत्येक खेपेला ७५ जातात. सात महिन्यांत किती गेले याचा हिशेब बायकोने करू दिला नाही.

इथे माझं मत बदललं. टोलवर डोळे लावून बसलो होतो, पण खरी रक्कम अंतराच्या रकान्यात होती. आमची गाडी लिटरला १२ देते, डिझेल ९० च्या घरात, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. महामार्गाचे तीस किलोमीटर जास्त म्हणजे सव्वादोनशे रुपये. टोल ७५ असो की १४५, त्यापुढे तो किरकोळच.

मग किनाराच ना? नाही, कारण वेळेचा रकानाही कारचाच. उरलेले क्रेट घेऊन त्या अरुंद वळणांवर, समोर एसटी आली की मागे घेत, आम्हाला ३ तास २० ऐवजी सव्वाचार तास लागतात. महामार्गावर फरक जेमतेम पंधरा मिनिटांचा पडतो. शिवाय भाचा स्क्रीनशॉट रात्री नऊला काढायचा, रस्ते रिकामे असताना. ॲप त्या क्षणाची वेळ सांगतं आणि आम्ही देवगडहून निघतो दुपारी तीनला. आता स्क्रीनशॉट देवगडच्या शेवटच्या दुकानासमोर उभं राहून काढतो, वरचं घड्याळ कापत नाही. दुकानातले वीस-वीस मिनिटांचे थांबे ॲप धरत नाही, ते मी हाताने मिळवतो.

एक फजिती राहिली. एका फेरीत दोन्ही स्क्रीनशॉट किनाऱ्याचेच आले, महामार्ग दिसेचना. भाच्याने कधीतरी 'टोल टाळा' चालू करून ठेवलं होतं. तेव्हापासून दोन चित्रांपैकी एकातही टोलची खूण नसली, की आधी सेटिंग उघडतो.

वहीत चौथा रकाना आखलाय, 'खरं काय झालं'. कोरड्या दिवशी तीनच्या आत सुटलो तर किनारा, पावसात किंवा उशीर झाला तर महामार्ग. परवा चार वाजले होते, महामार्गाने आलो. पंचाहत्तर गेलेच.