रिफ्युजल लेटरचं दुसरं पान एजंटनं मला दिलंच नव्हतं

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला ब्रिटनला जायचं म्हणून मी व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला होता. म्हणजे एजंटनं केला. फॉर्मवर ईमेल आयडी त्याचा, लॉगिन त्याचं, पासवर्डही त्यालाच माहीत. "तुम्ही काळजी करू नका काका, सगळं आमच्याकडे सोपवा," असं म्हणाला आणि मीही सोपवलं. इथेच पहिली चूक झाली.

व्हिसा नाकारला गेला. त्यानं लेटरची एक प्रिंट हातात ठेवली आणि म्हणाला, "ऑफिसरनं कागद नीट बघितलेच नाहीत. अपील टाकू, हमखास निघेल." अपीलची फी मूळ फीपेक्षा जास्त होती. आतापर्यंत एवढं घातलंय, आणखी थोडं, असं म्हणून मी तीही भरली. त्यानं एक 'अपील नंबर' लिहून दिला. नऊ आठवडे मी दर सोमवारी फोन करायचो आणि तो दर सोमवारी म्हणायचा, "प्रोसेसमध्ये आहे." वाढदिवस व्हिडिओ कॉलवर झाला.

मुलगी वैतागून म्हणाली, "बाबा, ते लेटर मला पाठवा." मी फोटो पाठवला. तिनं लगेच विचारलं, "पुढचं पान कुठंय?" तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. पानाच्या तळाशी वाक्य अर्ध्यात तुटलं होतं. नऊ आठवडे तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता.

खूप तगादा लावल्यावर पूर्ण पीडीएफ मिळाली. दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की या निर्णयावर अपील करण्याचा हक्क नाही आणि ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यूचा, म्हणजे त्याच खात्याकडून निर्णय पुन्हा तपासून घेण्याचाही नाही. त्याखाली असंही होतं की पुन्हा अर्ज केल्यास त्याचा स्वतंत्र विचार होईल, पण परिस्थितीत बदल नसेल तर तो पुन्हा नाकारला जाण्याची शक्यता आहे. ही दोन वाक्यं वाचायला न मिळाल्यामुळे मी दुसऱ्यांदा फी भरली होती.

नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांचा अपीलचा पूर्ण हक्क ब्रिटननं जून २०१३ मध्येच काढून टाकला. निर्णय कायद्याला धरून नसेल तर न्यायालयाचा रस्ता उरतो, पण तो वकिलाचा आणि खर्चाचा. इतर व्हिसांचं वेगळं असतं. नवरा-बायकोच्या व्हिसाला नकार आला तर ट्रिब्युनलकडे अपील करता येतं. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसाला रिव्ह्यू मिळतो. परदेशातून अर्ज केला असेल तर दोन्हीकडे मुदत २८ दिवसांची. रिव्ह्यूमध्ये ऑफिसरची चूक दाखवायची असते. कागद आपणच जोडायचा राहिला असेल, तर तो नंतर पाठवून सहसा उपयोग होत नाही. त्यामुळे "अपील टाकू" हे शब्द ऐकले की आधी लेटरचं शेवटचं पान उघडायचं.

मग पहिलं पान पुन्हा वाचलं, आता पेन्सिल घेऊन. अशा लेटरमध्ये साधारण तीन प्रकारची वाक्यं येतात. तुम्ही काय सांगितलंत, तुमच्या कागदांत काय दिसलं, आणि म्हणून आमचं समाधान का झालं नाही. आपण थेट तिसऱ्यावर जातो, कारण तिथे 'तुम्ही परत जाल याची खात्री नाही' असं लिहिलेलं असतं आणि ते मनाला लागतं. मलाही लागलं. आयुष्यभर एका शाळेत नोकरी केली, मी तिथे लपून राहणार? पण ते नियमाचं ठरलेलं वाक्य आहे, ब्रिटनच्या व्हिजिटर नियमांतल्या व्ही ४.२ या कलमातलं. खरं कारण वरच्या दोन प्रकारांत, म्हणजे सांगणं आणि दाखवणं यांच्यातल्या फटीत असतं.

माझ्या बाबतीत अशा दोन फटी होत्या. फॉर्ममध्ये महिन्याचं उत्पन्न ६५० पौंड लिहिलं होतं, बँक स्टेटमेंटमध्ये मात्र ३८० पौंडांचं पेन्शनच दिसत होतं. उरलेले २७० पौंड खोटे नव्हते. ते भाड्याने दिलेल्या घराचे होते, पण भाडेकरू रोख द्यायचा आणि एजंटनं भाडेकरार जोडलाच नव्हता. दुसरी फट मोठी होती. अर्जाच्या १२ दिवस आधी खात्यात एकदम ६,२०० पौंडांएवढी रक्कम आली होती. "बॅलन्स मोठा दिसला पाहिजे," असं एजंटच म्हणाला होता, म्हणून मी मुदत ठेव मोडली होती. ठेवीची पावती मात्र घरातच राहिली. ऑफिसरच्या जागी बसून बघा: पेन्शनच्या सोळापट रक्कम ऐनवेळी येते आणि कुठून आली याचा एकही कागद नाही. उसनी आणलेली असेल असं कुणालाही वाटेल. ठेव मोडलीच नसती आणि पावती जोडली असती तर हा प्रश्नच आला नसता, असं मला आता वाटतं.

याला अपील काय करणार? ऑफिसरनं समोरच्या कागदांवरून काढलेला निष्कर्ष बरोबरच होता. कागद दुरुस्त करून नवा अर्ज, एवढाच मार्ग होता, आणि तोही लगेच नाही.

अपीलचं बिंग फुटल्यावर एजंटनं दुसरा मार्ग सुचवला. "नवीन फाइल करू. स्टेटमेंट आमचा माणूस व्यवस्थित बनवून देतो." तेव्हा मी उठलो. खोटा कागद गेला तर त्याची माहिती अर्जदाराला नसली तरी अर्ज नाकारता येतो. आणि फसवणूक केली असं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्ज नाकारले जातात. माझ्या लेटरमध्ये खोट्या कागदाचा किंवा चुकीच्या माहितीचा आरोप नव्हता, हे माझं नशीब. तसा परिच्छेद असेल तर घाईनं नवा अर्ज मुळीच करू नका. आधी जाणकार वकिलाला दाखवा, कारण तो ठपका खोडल्याशिवाय नवे कागद कितीही चांगले असले तरी उपयोगाचे नाहीत.

एजंटनं फॉर्ममध्ये आणखी काय भरलं होतं, ही धास्ती होतीच. ब्रिटनच्या होम ऑफिसकडे सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट केली की आपल्याबद्दलची माहिती फी न देता मागवता येते. मी मागवली. बाकी फॉर्म ठीक निघाला, फक्त मुलीच्या पत्त्यात चूक होती.

भाडेकरूला भाडं बँकेत भरायला सांगितलं आणि चार महिने थांबलो. मग स्वतःच्या ईमेलवरून अर्ज केला. भाडेकरार, चार महिन्यांच्या भाड्याच्या नोंदी, ठेवीची पावती, ती मोडल्याची बँकेची नोंद आणि एक पानी पत्र जोडलं. त्या पत्रात जुन्या लेटरमधला एकेक मुद्दा आणि त्यासमोर कुठल्या कागदात उत्तर आहे एवढंच लिहिलं. 'याआधी व्हिसा नाकारला गेला आहे का?' याला 'हो' म्हणून तारीख आणि कारण दिलं. हे लपवलं तर तीच नवी खोटी माहिती ठरते.

व्हिसा आला. अपीलचे पैसे काही परत मिळाले नाहीत. एजंटला कुठून कळलं कोण जाणे, आठवड्यानं त्याचा फोन आला. म्हणाला, "बघा काका, सांगितलं होतं ना? अपील लागलं!"